बाकाला चाकं लावण्याआधी : वजन, फरशी आणि ब्रेक

बडोद्यात किंवा इंदुरात, आपल्या घरांमध्ये एक वस्तू हमखास असते. वर गादी, खाली सामान ठेवायची पेटी, असा लांबट बाक. कुणी त्याला सेटी म्हणतं, कुणी नुसतीच पेटी. पितळी डबे, जास्तीच्या गोधड्या, गणपतीच्या आराशीचं सामान, सगळं त्याच्या पोटात जातं. वाड्यातून फ्लॅटमध्ये आल्यावर जागा कमी झाली, तसा हा बाक सरकवायची वेळ वरचेवर येऊ लागली. गणपतीला कोपरा मोकळा करायचा, हळदीकुंकवाला सतरंजी अंथरायची, दिवाळीआधी मागची भिंत झाडायची. मग कुणीतरी म्हणतं, "मिस्त्रीला सांगून चाकं लावून घेऊ."

स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला चाकं लावणं आणि बसायच्या बाकाला चाकं लावणं यात मोठा फरक आहे. ट्रॉली थोडी सरकली तर फार तर डबा पडेल. बाक सरकला तर त्यावर टेकायला आलेले आजी-आजोबा पडतील. म्हणून या लेखात मुख्य उदाहरण बाकाचंच घेऊ. त्याचा हिशोब कळला की ट्रॉलीचा सोपा जातो.

आधी वजन

समजा, बाक चार फूट लांब, सोळा इंच रुंद आहे आणि बसायची उंची १८ इंच, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर हवी आहे. इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की तीन इंची चाक म्हणजे बाकाखाली तीन इंच नव्हे. वरची पट्टी आणि फिरणारा भाग धरून ते साधारण चार इंच उंची खातं. म्हणून पेटी १४ इंचांचीच करावी लागते. हे मिस्त्रीला आधी सांगितलं नाही तर बाक तयार झाल्यावर बसणाऱ्याचे पाय लोंबकळतात, आणि उंच बाकावरून उठणं-बसणं वयस्कर माणसाला अवघड जातं.

आता वजन मोजू. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचं वजन दर चौरस मीटरला साधारण १२ किलो. आपल्या पेटीला सगळ्या बाजू, तळ, झाकण आणि मधली फळी धरून दोन चौरस मीटरहून थोडं जास्त प्लाय लागतं. त्यात सनमायका, बिजागऱ्या आणि गादी मिळवली की रिकामा बाक ३० किलोच्या आसपास येतो. आत गोधड्या, भांडी मिळून ५० किलो धरू. वर दोघं बसणार, प्रत्येकी ७० किलो, म्हणजे १४०. एकूण २२० किलो.

बहुतेक लोक इथं २२० ला चारनं भागतात आणि ५५ किलोचं चाक घेतात. हिशोब इथंच चुकतो. तिवई कधी डगमगत नाही आणि चार पायांचं टेबल डगमगतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फरशी थोडीही वरखाली असली की कडक पेटीचं एक चाक जवळजवळ अधांतरी राहतं आणि बाकीच्यांवर भार येतो. म्हणून चार चाकांचा भार तिनावर धरायचा. २२० भागिले तीन म्हणजे सुमारे ७५ किलो.

त्यावर आणखी थोडी सूट ठेवावी लागते, कारण माणूस बाकावर तोलूनमापून बसत नाही. गुडघे दुखणारा माणूस शेवटचे चार इंच अक्षरशः अंग टाकतो, आणि त्या क्षणी चाकावरचा भार त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. मुलं तर उडी मारूनच बसतात. म्हणून ७५ च्या जागी प्रत्येकी १०० किलोचं चाक मागायचं.

पेटीत काय भरणार हेही आधी ठरवा. या मापाच्या पेटीची आतली जागा सुमारे १३० लिटर. त्यात वर्षाचे गहू भरायचं मनात आलं तर १०० किलो सहज मावतात. म्हणजे आपण धरलेल्या ५० किलोच्या दुप्पट. तसं असेल तर एकूण २७० होतात, तिनानं भागल्यावर ९० येतात, आणि १०० किलोच्या चाकाला सूट अशी उरतच नाही. धान्याची कोठी करायची असेल तर चाक वरच्या क्षमतेचं घ्या, नाहीतर गहू दुसरीकडे ठेवा.

चाकाच्या खोक्यावर जो किलोचा आकडा असतो तो एका चाकाचा आहे की चारांच्या संचाचा, हे दुकानदाराला विचारून घ्या. सहसा तो एका चाकाचा आणि सपाट जमिनीवर सावकाश ढकलण्यासाठीचा असतो. आकडाच नसेल तर ते चाक बाकाला घेऊ नये, ट्रॉलीला फार तर चालेल.

चाक केवढं

वजन पेलणं आणि सहज सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन इंची चाक दिसायला नाजूक आणि स्वस्त असतं, पण फरशीच्या सांध्याशी अडतं. जुन्या कोटा किंवा शहाबादी फरशीत दोन लाद्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरची पायरी सहज सापडते. भरलेला पण रिकाम्या बैठकीचा आपला बाक ८० किलोचा, म्हणजे पुढच्या जोडीवर ४० किलो. ही पायरी चढवायला दोन इंची चाकांना आडवा जोर कागदावरच्या हिशोबानं ३० किलोचा लागतो. तीन इंची चाकांना २३ किलोचा, आणि चार इंचींना १९ किलोचा. दोनावरून तीनावर गेल्यानं मोठा फायदा होतो, तीनावरून चारावर गेल्यानं थोडाच, आणि उंची मात्र आणखी इंचभर जाते. म्हणून बाकाला तीन इंची चाक हा बहुतेक घरांत योग्य मध्य आहे. नवीन फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइलवर फिरणाऱ्या छोट्या भाजीच्या ट्रॉलीला दोन इंचीही पुरतं.

फरशी बघून चाकाचा माल ठरवा

हार्डवेअरच्या दुकानात तीन प्रकार पुढे येतात : नायलॉन किंवा तत्सम कडक प्लास्टिक, रबर, आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. कडक प्लास्टिकवर नखाची खूण उठत नाही, रबर अंगठ्यानं दाबलं तर थोडं दबतं, आणि पीयू या दोघांच्या मधलं लागतं. पीयूमध्ये बहुधा आतला गाभा कडक आणि वरचा थर तेवढा पीयूचा असतो.

नायलॉन वजन उत्तम पेलतं, हलकं फिरतं, पाण्या-तेलानं बिघडत नाही. पण टाइलवर खडखड आवाज करतं, आणि कडक असल्यामुळे चाकाखाली आलेला वाळूचा कण फरशीत दाबला जाऊन चरा उठतो. शिवाय गुळगुळीत टाइलवर त्याची पकड कमी असते. ब्रेकच्या वेळी याच गोष्टीकडे पुन्हा यायचं आहे.

रबराची पकड चांगली, आवाज नाही. मात्र भरलेला बाक महिनोन्महिने एकाच जागी उभा राहिला की रबर खालून चपटं होतं. मग सरकवताना प्रत्येक फेऱ्याला "धप धप" असा ठेका ऐकू येतो. काळ्या रबराचा फिकट टाइलवर डागही पडतो. हा डाग धुळीचा नसतो. रबरातलं द्रव्य हळूहळू फरशीत उतरतं, त्यामुळे तो पुसून जात नाही. फिकट फरशी असेल तर डाग न पाडणारं, राखाडी रंगाचं चाक मागावं. स्वयंपाकघरात आणखी एक अडचण येते. फोडणीचं तेल साध्या रबरावर पडत राहिलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. शेगडीजवळच्या ट्रॉलीला म्हणूनच रबर नको.

पीयू फरशी ओरबाडत नाही, डाग पाडत नाही, तेलाला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि रबरापेक्षा जास्त वजन घेतं. घरातल्या बाकाला आणि ट्रॉलीला दोघांनाही हेच सर्वात सोयीचं. पण त्यालाही मर्यादा आहे. दमट, उष्ण हवेत काही प्रकारचं पीयू वर्षानुवर्षांच्या ओलाव्यानं आतून कुजतं. आधी बारीक भेगा दिसतात, मग चाकाभोवती पिवळसर भुगा पडतो, आणि एक दिवस वरचा थर तुकड्यातुकड्यांनी सुटतो. गोव्यातल्या किंवा किनाऱ्याजवळच्या घरांत हे लवकर घडतं, बडोदा-इंदूरकडे उशिरा. वापर नसला तरी घडतं, म्हणून दहा वर्षं माळ्यावर पडलेली "अगदी नवी" चाकं बाकाला लावू नयेत. पीयूचे दोन मुख्य प्रकार असतात, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. दुसरा ओलाव्याला जास्त टिकतो. दुकानदाराला माहीत असेल तर दमट गावी तोच मागावा.

ब्रेक नेमकं काय धरतो

साध्या ब्रेकच्या चाकाला पायानं दाबायची एक पट्टी असते. ती दाबली की चाकाचं गरगर फिरणं थांबतं. पण दुकानात ज्याला रिव्हॉल्व्हिंग म्हणतात, त्या चाकाला दोन हालचाली असतात. एक चाकाची स्वतःची, दुसरी वरच्या पट्टीखाली गोल वळण्याची. साधा ब्रेक पहिलीच थांबवतो, दुसरी चालू राहते.

याचा परिणाम असा होतो. फिरतं चाक नीट पाहिलं तर ते वरच्या खिळीच्या बरोबर खाली नसतं, एखादा इंच मागे असतं. त्यामुळे चाक जागच्या जागी घट्ट राहिलं, तरी बाक त्याच्याभोवती इंच-दीड इंच डोलू शकतो. "ब्रेक लावला होता तरी हलला" अशी तक्रार असते ती बहुतेक वेळा हीच. टेकायला आलेल्या माणसाचा तोल जायला इंचभर पुरतो. बाकासाठी दोन्ही हालचाली एकदम धरणारा ब्रेक हवा. दुकानात त्याला टोटल लॉक म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे : ब्रेक दाबून चाक हातात धरा आणि वरची पट्टी पिळायचा प्रयत्न करा. पट्टी वळली तर ब्रेक साधा आहे.

दुसरी गोष्ट पकडीची. ब्रेक चाकाला फिरू देत नाही, पण घसरू न देणं त्याच्या हातात नाही. ते चाकाच्या मालावर आणि फरशीवर अवलंबून असतं. चकचकीत टाइलवर नायलॉनचं चाक ब्रेक लावूनही तसंच घसरत जातं. म्हणून चाकाचा माल आणि ब्रेक हे दोन वेगळे निर्णय नाहीत. बसायच्या बाकाला पीयू किंवा रबर घ्यायचं ते आवाजासाठी नव्हे, ब्रेकला अर्थ यावा म्हणून.

ट्रॉलीला चारही चाकं फिरती आणि त्यातल्या दोघांना ब्रेक, एवढं पुरे. ब्रेक मात्र पुढच्या बाजूला, पाय पोचेल असे हवेत. मागे भिंतीकडे गेलेला ब्रेक कुणी लावत नाही. ट्रॉलीत तेलाचे डबे, कुकर यांसारख्या जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवा. चाकं आतल्या बाजूला वळली की ट्रॉलीचा पाया प्रत्येक बाजूला इंचभर अरुंद होतो, आणि वर जड, खाली हलकी असलेली उंच ट्रॉली तेवढ्यानंही कलंडू शकते.

बाकासाठी एक जमणारी रचना

बाकाला चारही फिरती चाकं लावली तर कुणीतरी चार ब्रेक लावायचे लक्षात ठेवायला हवं. घरात पाहुणे, मुलं असताना यातला एखादा राहतोच. त्याऐवजी एका टोकाला दोन फिक्स चाकं आणि दुसऱ्या टोकाला दोन टोटल लॉकची फिरती चाकं लावावीत. फिक्स चाकांचं तोंड बाकाच्या लांबीच्या दिशेनं ठेवायचं, म्हणजे ती डावी-उजवीकडे चालतील, मागे-पुढे नाही.

बसताना माणूस बाकाला मागे ढकलतो, उठताना हातांनी रेटतो. हा जोर रुंदीच्या दिशेचा असतो आणि फिक्स चाक त्या दिशेला फिरूच शकत नाही. त्या टोकाला ब्रेक नसूनही ते आडवं धरून राहतं. दुसऱ्या टोकाला दोनच ब्रेक लावायचे. त्यातला एक विसरला तरी बाक एकदम पाठीमागे पळत नाही. दोन्ही विसरले तर मात्र ते टोक गोल फिरतं, म्हणून वयस्कर माणसांची बसायची जागा फिक्स चाकांच्या टोकाला ठेवावी.

झाडायच्या वेळी हीच रचना उपयोगी पडते. फिरत्या चाकांचे ब्रेक काढायचे आणि ते टोक दार उघडल्यासारखं बाहेर ओढायचं. फिक्स टोक जागच्या जागी वळतं. त्यासाठी बाक आणि भिंत यांत बोटभर फट सोडली की कोपरा भिंतीला घासत नाही.

बाक हलका असेल, नुसत्या गोधड्यांचा, तर आणखी साधा मार्ग आहे. चार लाकडी पाय ठेवायचे आणि एका टोकाला दोन चाकं जमिनीपासून किंचित वर बसवायची. बाक नेहमी पायांवर उभा राहतो. दुसरं टोक उचललं की चाकं टेकतात आणि तो ढकलगाडीसारखा चालतो. ब्रेकचा प्रश्नच उरत नाही. पण एक टोक उचलायला निम्मं वजन लागतं. ८० किलोच्या भरलेल्या बाकाला ४० किलो, जे घरातल्या कुणालाही रोज उचलायला सांगू नये. रिकाम्या बाकाला १५ किलो, ते ठीक.

बसवताना

चाक कितीही चांगलं असलं तरी ते सुटतं लाकडातून. १८ मिलिमीटरच्या तळाला आखूड स्क्रूनं मारलेली पट्टी आडव्या ओढीनं हळूहळू ढिली होते, आणि भुशाच्या बोर्डात तर लवकरच. मिस्त्रीला सांगावं की प्रत्येक पट्टीला आरपार जाणारे चार बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि न सुटणारे नट लावायचे. पेटीच्या तळाला, चाकांच्या वर, आतून किंवा बाहेरून लाकडी पट्टीचा जोड द्यावा. चाकं तळाच्या मधोमध न घेता उभ्या बाजूंच्या जितकी जवळ घेता येतील तितकी घ्यावीत, म्हणजे भार तळाच्या फळीला न वाकवता सरळ बाजूंमधून खाली येतो. मात्र फिरतं चाक पूर्ण वळलं तरी बाकाच्या कडेबाहेर येऊन कुणाच्या पायाला लागत नाही ना, हे हातानं फिरवून पाहावं.

लांब तळ मध्ये वाकेल म्हणून पाचवं-सहावं चाक मध्ये लावू नये. वरखाली फरशीवर ते कधी अधांतरी असतं, तर कधी एकटंच सगळा भार घेतं आणि बाक त्यावर झोपाळ्यासारखा झुलतो. मधली फळी तळाला आणि बाजूंना पक्की जोडली की वाकण्याचा प्रश्न सुटतो.

वापरायला देण्याआधी

पेटी भरा, ब्रेक लावा, आणि घरातल्या धडधाकट माणसाला बैठकीच्या उंचीवर दोन्ही हातांनी मागे ढकलायला सांगा. मग तोच माणूस एकदा जरा जोरात बसू दे. बाक जागचा हलला नाही तर तो आजी-आजोबांसाठी ठीक आहे. हलला तर काय हललं ते पाहा. चाक न फिरता सरकलं तर पकड कमी आहे : फरशी पुसून पुन्हा पाहा, तरीही तेच झालं तर चाकाचा माल बदला. चाकाची दिशा वळली तर ब्रेक साधा आहे. पट्टीच लाकडावर हलली तर बोल्ट आवळा.

हीच तपासणी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, बाक आडवा करून करावी. आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीनं कापून काढा, कारण चाक जड चालण्याचं घरातलं सर्वात मोठं कारण तेच असतं. पीयूला भेगा आहेत का, रबर चपटं झालं आहे का, नट ढिले आहेत का, हे पाहा. एक चाक बदलायची वेळ आली तर त्या टोकाची जोडी बदला. नवीन चाक झिजलेल्यापेक्षा थोडं उंच असतं, आणि मग तेच जास्त भार घेऊन बसतं.

दुकानात जाताना चिठ्ठीवर एवढंच लिहून न्या : तीन इंची पीयू, प्रत्येकी १०० किलो, दोन फिक्स, दोन रिव्हॉल्व्हिंग टोटल लॉक, पट्टीची, चार बोल्टची. आणि मिस्त्रीसाठी खाली एक ओळ : पेटी चार इंच कमी उंच.